काकांचं झाकण

कुंभारांच्या संस्थेत काका सामील झाले ते काकी अध्यक्ष होत्या म्हणून. शेअरचे पैसे भरले, सही केली आणि मनाने मात्र घरीच राहिले.

आधी जो तो एकाच व्यापाऱ्याकडून पोत्याने माती घ्यायचा आणि घडवलेली भांडी त्यालाच विकायचा. दोन्ही भाव तोच ठरवायचा. मोठा निःपक्षपाती माणूस, सगळ्यांना सारखाच लुबाडायचा. आता संस्था ट्रकभर माती थेट खाणीवरून आणत होती आणि पहिली मोठी ऑर्डरही मिळाली होती: मधाच्या झाकणवाल्या बरण्या. ती बिघडली, तर सगळे मुकाट्याने व्यापाऱ्याकडे परत जाणार, हे काकींना ठाऊक होतं.

बरण्या इतरांनी घडवल्या. झाकणं काकांकडे, कारण तसा हात दुसऱ्या कुणाचा नव्हता. हे इतरांचं मत होतं; काकांचं तर होतंच.

भट्टी उघडली. बरण्या सुरेख, झाकणं सुरेख. फक्त एकही झाकण बरणीत शिरेना. जावयासारखी तोंडाशी येऊन अडून बसली.

"मापं तर बरोबर होती," चिटणीस कसाबसा म्हणाला.

काकींनी एक झाकण उलटं केलं. खालचा, चकाकी न दिलेला कोरा भाग विटकरी लाल होता. बरण्यांचा फिकट.

"ही आपली माती नव्हे."

काका छताकडे बघू लागले. छतात बघण्यासारखं काहीच नव्हतं.

"अहो, ही परसातली तुमची जुनी माती ना?"

"ट्रकच्या मातीला काय चव असते?"

"चाखायला सांगितलं होतं का? ट्रकची भाजताना जास्त आटते, आकसते; तुमची कमी. ओली असताना माप एक, भाजल्यावर वेगळं. हे मी तुम्हाला सांगू?"

हे काकांनीच काकींना शिकवलं होतं. लग्नानंतर, पहिल्याच उन्हाळ्यात.

"झाकणं नापास," काकी म्हणाल्या. "दुसरी माती वापरली की माल परत. ठराव आहे, तुम्हीही हात वर केला होता."

"मी माशी हाकलत होतो."

"मत मोजलं गेलं."

"घरी बोलू."

"घरी तर मी ठरावाशिवाय बोलते."

सगळे हसले, काका सोडून; जरा उशिराने तेही हसले. मग बाह्या सरसावून ते संस्थेच्या चाकावर बसले आणि ट्रकची माती पुढे ओढली. "बेचव आहे," असं प्रत्येक झाकणागणिक सांगत त्यांनी सगळी झाकणं नव्याने केली. काकी शेजारी बसून मातीचे गोळे देत राहिल्या आणि प्रत्येक वेळी "हो" म्हणाल्या.

दुसऱ्या भट्टीतलं पहिलं झाकण चिटणिसाने डोळे मिटून बसवलं. बसलं.

बरण्या रवाना झाल्या त्या संध्याकाळी काका हातगाडी ढकलत आले. परसातली सगळी माती होती तिच्यात.

"संस्थेच्या मातीच्या हौदात टाका. आटायचंच तर सगळ्यांनी सारखं आटू."

काकींचे डोळे भरून आले. त्यांनी पदराने टिपले आणि हौदापुढे आडव्या उभ्या राहिल्या.

"आधी थोडी मिसळून नमुना भाजायचा. मग टाकायची."

"हाही ठराव?"

"आज करू. आणि हात वर करताना माशी नको."