पेन्शन पक्की, ताई सुखी!

ड्रायव्हरला दोन कामं उत्तम जमायची. एक गाडी चालवणं आणि दुसरं न ऐकणं. मागच्या सीटवर साहेब कुणाचीही बदली करोत, कुणाच्याही नावानं बोटं मोडोत, पुढच्या सीटवरचा माणूस ठार बहिरा. नाहीतर कंत्राटी ड्रायव्हरची नोकरी टिकते होय? कान उघडे ठेवणारे तिघं त्याच्याआधी घरी बसले होते.

साहेबांच्या खात्याकडे एक पेन्शन योजना होती. मोलकरणी, ड्रायव्हर, फेरीवाले, ज्यांना म्हातारपणी कुणी विचारत नाही अशांसाठी. तिची घोषणा तयार करायचं काम गाडीतच चाले, कारण ऑफिसात साहेबांना वेळ नसे. शेजारी कारकून बसायचा, मांडीवर कागद घेऊन.

"वय वर्षे अठरा ते चाळीस असलेल्या असंघटित कामगारांनी दरमहा अल्प रक्कम भरून साठीनंतर निश्चित निवृत्तिवेतन मिळवावे," कारकुनानं वाचलं.

"ही घोषणा आहे की कोर्टाचं समन्स? सोपं करा हो. 'असंघटित' काढा."

काढलं.

"आकडे काढा. आकडे बघून माणूस दचकतो."

वय गेलं.

"'भरा' कशाला? भरायचं म्हटलं की लोक पळतात."

भरणंही गेलं. असं करत करत गाडी ऑफिसच्या फाटकात शिरेपर्यंत घोषणा उरली ती एवढी: 'पेन्शन पक्की, ताई सुखी!'

"ड्रायव्हर, कळलं का?" साहेबांनी विचारलं. अडाण्यालाही कळावं म्हणून ते प्रत्येक घोषणा ड्रायव्हरवर तपासून पाहत.

"कळलं साहेब," ड्रायव्हर म्हणाला. यातलं अक्षरही त्यानं ऐकलं नव्हतं.

मग पोस्टरसाठी एक सुखी ताई हवी झाली. खरी मोलकरीण पाहिजे, पण हसरी. ड्रायव्हर नम्रपणे म्हणाला, "साहेब, आमच्या घरात एक आहे." त्याची बायको चार घरची धुणीभांडी करायची आणि हसायचीही, दात दुखत नसले तर. तेव्हा ती एकोणचाळीसची होती. तिला ऑफिसात नेलं, खुर्चीत बसवलं, हातात स्टीलचा डबा दिला आणि फोटो काढला. मानधन द्यायचं म्हणून ओळखपत्राची झेरॉक्स घेतली, पासबुकाची झेरॉक्स घेतली, सही घेतली.

मानधन काही आलं नाही. पण दोघांपैकी कुणाला त्याचं वाईट वाटलं नाही.

"अहो, ते पैसे हप्त्यात वळते झाले असतील," बायको म्हणाली. "कागद घेतले, सही घेतली, ते काय उगीच? सरकार फुकट फोटो काढतंय व्हय?"

"बरोबर आहे तुझं," ड्रायव्हर म्हणाला. लिहिलंच होतं की भिंतीवर, पक्की म्हणून.

भिंतीवर, बसथांब्यावर, दवाखान्याच्या दारावर ती हसू लागली. वस्तीतल्या बायका तिला 'पेन्शनवाल्या बाई' म्हणू लागल्या. एक अडचण झाली. पगार वाढवून मागितला तर कामावरच्या मॅडम म्हणाल्या, "अगं, तुला आता काय कमी? मी रोज बघते ना तुला थांब्यावर." तरी बायको खूश होती. साठीपर्यंत कंबर टिकवायची, मग पाय पसरून बसायचं, एवढंच तर उरलं होतं.

दोन वर्षं अशी सुखात गेली. मग शेजारणीला पोस्टर पटलं.

शेजारीण बत्तीस वर्षांची, तीही भांडीवाली. "वहिनी, तुमच्या ओळखीनं माझंही करून द्या ना," म्हणाली. बायको मानकऱ्यासारखी पुढं झाली. ड्रायव्हरची सुट्टी होती, तोही निघाला. कोपऱ्यावरच्या सेवा केंद्रात एक मुलगी संगणकापुढे बसली होती. तिनं शेजारणीचं ओळखपत्र पाहिलं, पासबुक पाहिलं, मोबाइलवर आलेला नंबर विचारला.

"पहिला हप्ता इथे रोख द्या. पुढचे दर महिन्याला खात्यातून आपोआप कापले जातील, तेवढी शिल्लक ठेवा. तुम्ही जितके भराल तितकेच सरकार भरणार. साठीनंतर दर महिन्याला ठरलेली पेन्शन. पुढं तुमच्या मागे तुमच्या मिस्टरांना निम्मी."

"त्याला निम्मी?" शेजारीण ओरडली. "आत्ता चहा पण करून देत नाही!"

पण कार्ड छापून आलं तेव्हा तिनं ते पदरानं दोनदा पुसलं.

"आता माझंही छापून द्या बाई," बायको म्हणाली. "दोन वर्षं झाली, कार्ड काही हातात आलं नाही."

मुलीनं ओळखपत्राचा नंबर टाकला. परत टाकला. भिंतीवरच्या पोस्टरकडे पाहिलं, मग समोरच्या चेहऱ्याकडे.

"तुमच्या नावावर खातंच नाहीये, काकू."

"असं कसं? सही दिलीय मी!"

"बँकेतून काही कापलं जातं का?"

बायकोनं नवऱ्याकडे पाहिलं. एक रुपया कधी कापला गेला नव्हता. त्याचंच तर त्यांना कौतुक होतं.

"नसेल तर आज करा," ड्रायव्हर घाईनं म्हणाला. "आत्ता. पैसे आहेत माझ्याकडे."

मुलीनं जन्मतारीख पाहिली. "एक्केचाळीस. चाळिशी उलटली की घेत नाहीत. दुसऱ्या योजना आहेत, उशिरा सुरू करता येतात, पण त्यात सरकारचा वाटा नाही. जे काही ते तुमचंच."

बायको मटकन स्टुलावर बसली. तिच्या डोक्यावर भिंतीवरची ती डबा घेऊन हसतच होती. ड्रायव्हरच्या कानात दोन वर्षांनी मागच्या सीटवरचा आवाज शिरला. 'वय वर्षे अठरा ते चाळीस.' शब्दन् शब्द. आयुष्यात न ऐकलेलं सगळं जणू कानात कुठंतरी भरूनच ठेवलेलं होतं.

दुसऱ्या दिवशी त्यानं गाडी चालवता चालवता साहेबांना सगळं सांगितलं. ड्रायव्हर बोलतो हे पाहून साहेबांना पहिला धक्का बसला. दुसरा धक्का बसायला थोडा वेळ लागला.

"म्हणजे पोस्टरवरच्या बाईला पेन्शन नाही?"

"नाही साहेब. वय लिहिलं असतं, तर तेव्हाच पैसे भरले असते. वर्ष होतं हातात."

साहेबांनी खिडकीची काच वर केली. मग हळूच म्हणाले, "हे पेपरात गेलं तर?" आणि गाडी फाटकात शिरताना, "पुढच्या बजेटमध्ये नवीन छापू. वय टाकून."

घरी येऊन त्यानं बायकोला सांगितलं. ती काल दुपारपासून भिंतीकडे बघत बसली होती. तिनं मान वर केली.

"पुढच्या बजेटपर्यंत किती जणी चाळिशी ओलांडतील हो?"



पहाटे ती कामावर निघाली ती तांबड्या रंगाचा डबा आणि ब्रश घेऊन. ड्रायव्हर मागोमाग घरातलं स्टूल घेऊन. बसथांब्यावर त्यानं स्टूल धरलं, ती चढली आणि आपल्याच हसऱ्या गालावर 'चाळिशीच्या आत' असं लिहू लागली. ओघळ हनुवटीवर आला.

समोरच्या इमारतीचा वॉचमन शिट्टी फुंकत धावला. "ए! सरकारी पोस्टर आहे ते! खाली उतर! कुणाचं तोंड रंगवतेस?"

"माझं," बायको म्हणाली, आणि वळून पाहिलं.

वॉचमननं एकदा वर पाहिलं, एकदा खाली. शिट्टी तोंडातून गळून दोरीला लोंबकळली.

"अहो पण तुम्ही... तुम्हाला तर पेन्शन..."

"नाही. उशीर झाला. तुझं वय काय?"

"अडतीस."

"भरतोस?"

"भरायचं असतं?" वॉचमन म्हणाला.

बायकोनं ब्रश पुन्हा डब्यात बुडवला. गालावर आता जागा उरली नव्हती, म्हणून कपाळावर 'पैसे भरा' लिहायला सुरुवात केली. वॉचमन पाच पावलं मागं सरला, डोळे बारीक करून वाचू लागला आणि मग पुढं येऊन त्यानं स्टुलाची दुसरी बाजू धरली.

"ताई, जरा ठळक काढा," तो म्हणाला. "लांबून दिसत नाही."