तळ दिसला

कामाचा निकष तपासता यावा, असा साक्षीचा आग्रह असे. घनसावंगीच्या प्रकल्प कार्यालयात पाणीपुरवठा योजनेचा कार्यविभाजन कोश तीच लिहीत होती. योजनेच्या प्रत्येक लहान कामाला एक पान; त्यावर जबाबदार कोण, किती मनुष्यदिवस, काम सुरू करायला काय हाताशी हवे आणि ते संपले हे कशावरून ओळखायचे. आधीच्या अभियंत्याने जागोजागी ‘काम समाधानकारक झाल्यावर’ असे लिहून ठेवले होते. समाधान कोणत्या मापाने मोजायचे, असे विचारत तिने ते शब्द एकेक करून खोडले होते.

गोदावरीच्या काठावरच्या पंपविहिरीतला गाळ काढण्याचे पान तिला विशेष जमले होते. श्रम : चार माणसे, तीन दिवस, बारा मनुष्यदिवस. निकष : तळाचे काँक्रीट सर्वत्र दिसावे; पुरावा : छायाचित्र. पुढचे पान नदीपात्रातल्या विहिरीची झडप उघडण्याचे. तिथून नळाने पाणी पंपविहिरीत येते. त्या कामाला लागणारी बाब एकच : गाळ काढण्याचे काम पूर्ण.

दुपारी मोबाइलवर गटात दोन छायाचित्रे आली. पाठवणारा मुकादम सुग्रीव. पहिल्यात तळ लख्ख होता. खाली झडपेवरच्या नागसेनचे उत्तर : ‘निकष पूर्ण. झडप उघडतो.’

साक्षीला समाधान वाटले. मग तिने दुसरे छायाचित्र उघडले. पंपविहिरीचा काठ, आत सोडलेली शिडी आणि काठाशी ओळीने काढून ठेवलेल्या चपला. विहिरीत चपला घालून उतरायचे नाही, हा सुग्रीवचा रिवाज. तिने त्याला एकदा त्याचे शास्त्रीय कारण विचारले होते. तो नुसता हसला होता.

चपला काठावर होत्या. म्हणजे माणसे अजून आत होती.

गाळ उपसल्यावर पंप, पाट्या, दोर वर काढावे लागतात. ते काम तिच्या कोणत्याच पानावर नव्हते. तळ मात्र दिसत होता.

नागसेनचा फोन वाजत राहिला. पात्रातल्या वाऱ्यात त्याला तो ऐकू येणार नव्हता. सुग्रीवचा लागेना, विहिरीत रेंज कुठली? ‘जबाबदार’ या रकान्यात कोणाचे नाव आहे ते तिने पाहिले. तिनेच लिहिले होते : साइट टीम. साइट टीमला फोन करता येत नव्हता.

मग तिला मालनबाई आठवली. सुग्रीवची बायको, पंपघरामागे मजुरांचा स्वयंपाक करायची.

“मालनबाई, सुग्रीवदादा वर आले का?”

“कशाचं वर? आत्ताच तर उतरले. पंप बांधून राह्यले. का वो ताई, जेवायला येता काय? भाकरी गरम हाय.”

“विहिरीपाशी पळा. सगळ्यांना वर बोलवा. पाणी सोडलंय!”

“कुणी सोडलं?”

“पळा आधी!”

फोन तसाच चालू राहिला. धापा ऐकू आल्या, बांगड्या वाजल्या, आणि मग मालनबाईचा आवाज विहिरीत घुमला : “अवो, वर या! जल्दी! पाणी आलं!” आतून कुणाचा तरी हसण्याचा आवाज आला. “थांब गं, पंप सोडतो—” आणि त्यावर एक खळखळ, आधी बारीक, मग भरीव होत गेलेली. ती नळातून येत होती की फोनच्या खरखरीतून, हे साक्षीला ठरवता येईना. आयुष्यात प्रथमच तिला पुरावा नको होता.

“मरू दे तो पंप!” मालनबाई ओरडली. शिडी करकरली. पुन्हा करकरली. मधला वेळ साक्षीने मोजला नाही.

“मालनबाई?”

तिने फोन कानाशी घट्ट दाबला.

“मालनबाई, कितीजण आले?”

“सगळे आले,” बाई म्हणाली. तिचा आवाज चिरकला होता. “मांडीपतुर भिजले. हे बसलेत, बोलून न्हाई राह्यले.” मग तिने दात-ओठ खात विचारले, “ताई, काम झालं असं कुणी सांगितलं वो नागसेनला?”

“मी,” साक्षी म्हणाली. “माझ्या कागदाने.”

थोड्या वेळाने नागसेनचा फोन आला. घाबरलेला. “मॅडम, तुम्ही लिहिलं तेच मी बघितलं. तळ दिसला होता.”

“हो. तळच विचारला होता मी.”

तिने गाळाचे पान उघडून नव्याने लिहिले. जबाबदार : सुग्रीव. आवश्यक बाबींत वर-खाली संपर्काला काठावर एक माणूस. निकष : सर्व माणसे व सामान वर, शिडी काढलेली, सुग्रीवने नागसेनला समोरासमोर सांगितलेले. क्षणभर थांबून तिने आणखी एक ओळ घातली : काठावर चपला नाहीत.

मग तिने सगळ्या कोशात ‘साइट टीम’ शोधले. शब्द पानामागून पान उजळत गेले. पहिलेच पान उद्याच्या कामाचे होते : मुख्य वाहिनीची दाबचाचणी, निकष दाबमापकावरचा आकडा. दाबाने नळ फुटला तर खंदकात कोण उतरलेले असेल, ते कोणत्याच रकान्यात नव्हते.

तिने फोन उचलला. या वेळी कोणाला लावायचा, तेच तिला कळेना.