अंगठा दाखवला की काय!

मी अंगठा बोलतोय. हाताचा नव्हे, मोबाइलमधला. मेसेजवर बोट दाबून धरलं की चिमुकल्या चित्रांची रांग वर येते ना, तिच्यात बहुतेक वेळा मीच पहिला. बोट टेकलं की मी त्या मेसेजच्या खालच्या कोपऱ्याला जाऊन चिकटतो.

माझा जन्म सोयीसाठी झाला. 'उद्या दुकान उशिरा उघडेल' एवढं कुणी ग्रुपवर लिहिलं की सगळे 'ओके, ओके' करत सुटायचे आणि मूळ निरोप वर कुठेतरी गडप व्हायचा. मी आलो आणि ती कटकट मिटली. लहान निरोपावर माझा अर्थ कुणी विचारत नाही. घोळ होतो तो लांबलचक मेसेजवर.

एका शिवणकाम करणाऱ्या बाईने आपल्या थोरल्या बहिणीला असाच मेसेज लिहिला. थोरली दुसऱ्या गावी इस्पितळात नर्स. धाकटीने आधी लहानपणीच्या दोन गमती लिहिल्या. मग, 'मागे फोनवर मी तोडून बोलले, मनात ठेवू नकोस.' मग मुद्द्याची गोष्ट: 'मला कपडे बेतायचं वर्षभराचं शिक्षण घ्यायला बाहेरगावी जायचंय. तेवढे दिवस आई तुझ्याकडे राहील का?' आणि शेवटी, 'ताई, रागावलीस का?'

थोड्या वेळाने तिथे मी उगवलो. नुसता मी.

धाकटीने कात्री खाली ठेवली. "अगं, पण 'हो' कशाला? आईला ठेवायला हो, की रागावले, हो?"

तिचं बरोबरच होतं. मेसेजमध्ये गोष्टी चार असोत की दहा, मी चिकटतो सगळ्याला मिळून एकदाच. कुठल्या ओळीवर बोट ठेवलंय, हे मला सांगता येत नाही. मेसेज पुरता वाचलाय की वरच्या चार ओळी बघून 'पुढे वाचा' तसंच सोडलंय, तेही नाही. शिवाय लिहिणाऱ्याचा तासभर जातो आणि माझ्यासाठी एक टिचकी पुरते. ती तफावतच माणसाला बोचते, असं माझं निरीक्षण आहे.

शेजारी बटणं लावत बसलेल्या आईने मान उंचावून पाहिलं आणि तिचा चेहरा पडला. "मोठीनं अंगठा दाखवला गं मला!"

मी थक्क झालो. अंगठा दाखवणं म्हणजे साफ नाही म्हणणं, आणि कागदावर अंगठा उठवला तर मात्र कबुली! आपल्याच भाषेत माझ्या घराण्याची ही तऱ्हा.

"तसं नसतं गं आई," धाकटी म्हणाली खरी, पण तिलाही खात्री नव्हती. अर्ध्या तासाने मी गळून पडलो आणि माझ्या जागी लाल बदाम आला. एका माणसाचं एका मेसेजवर एकच चित्र राहतं. नवं आलं की जुन्याने निघायचं.

"आता बदाम! म्हणजे माया आहे," आई म्हणाली, "पण जागा आहे का?"

तेव्हा मात्र धाकटीने सरळ फोन लावला आणि आईला ऐकू जावं म्हणून स्पीकर सुरू केला.

"अगं, वॉर्डात सलाईन बदलत होते," थोरली म्हणाली. "मेसेज आलाय, बघितला, एवढंच कळवायला अंगठा टाकला. जेवायला बसल्यावर नीट वाचला, तेव्हा लहानपणीचं वाचून रडूच आलं. म्हणून बदाम."

"आणि आईचं?"

"त्याचं उत्तर अजून दिलंच नव्हतं. रात्रपाळी असली की आई घरात एकटी पडेल, घर दीड खोलीचं. नाही म्हणवेना आणि घाईने हो लिहायची भीती वाटली. शब्द जुळवत होते गं. राग कसला आलाय!"

म्हणजे बघा, एका मेसेजवर 'पोचलं', 'गहिवरले' आणि 'थांब, विचार करतेय' असं तिघांचं काम होतं. पहिलं मी केलं, दुसरं बदामाने. तिसऱ्याला आमच्या रांगेत चित्रच नाही, म्हणून ते न सांगताच राहिलं.

आईने फोन हातात घेतला. "रात्री मला एकटीला झोप लागते बरं का. कोपऱ्यात गादी पुरेल. मी येऊ का गं?"

"ये," थोरली म्हणाली. "ये गं आई."

आईने डोळे पुसले आणि पुन्हा बटणं लावायला घेतली.

मी अजून त्याच रांगेत उभा आहे. मला खुशाल वापरा, गडबडीत असाल तर आधी मलाच पाठवा. पण कुणी जीव टांगून काही विचारलं असेल, तर हात मोकळा झाल्यावर एखादा शब्दही लिहा. 'ये' हे किती लहान आहे पाहा, पण ते मला काही केल्या म्हणता येत नाही.