जाहीर सूचना, पुन्हा एकदा

ग्रंथालयाच्या बाईंना आपल्या भाषेचा भारी अभिमान. साधा पंखा बंद करायला सांगायचं असलं तरी त्यांच्या वाक्याला शेपूट फुटायची. त्यामुळे गेल्या आठवड्यात प्रार्थनेच्या वेळी त्यांनी लिहिलेली सूचना वाचली गेली आणि ग्रंथालयात काळं कुत्रंही फिरकलं नाही, तेव्हा त्यांनी दोष पोरांनाच दिला.

मुख्याध्यापकांनी मात्र त्यांना खोलीत बोलावून सरळ सांगितलं, "शाळा सुटल्यावर कुणी येणारच नसेल, तर तो वाचनकक्ष खेळाच्या गाद्या ठेवायला देतो. उद्या पुन्हा सूचना वाचून बघा. शेवटची."

त्या वाचनकक्षातली एकेक खुर्ची बाईंनी मागून, भांडून मिळवली होती.

उद्या सूचना वाचायची पाळी सातवीतल्या एका मुलीची होती. शाळाभर तिला 'रेडिओ' म्हणत. वर्गात बडबड केली म्हणून रोज उभी राहणारी ही पोर कागद हातात आला की अशी काही आखडायची, की विचारू नका. सुट्टीत बाईंनी तिला सरावाला बोलावलं.

"सर्व विद्यार्थी-विद्यार्थिनींना सूचित करण्यात येते की, शालेय वेळेनंतरही वाचनकक्षाचा लाभ घेण्याची सुविधा उपलब्ध करून देण्यात आलेली असून..." रेडिओ धापा टाकायला लागली.

"अगं, स्वल्पविरामाला थांब ना जरा!"

"तो येईपर्यंत माझा जीव जातो, बाई."

बाईंनी नाक मुरडलं. पण वेळ कमी होता. म्हणून त्यांनी मुलांच्या भाषेत नवा कागद लिहिला. रेडिओने पहिली ओळ वाचली, "हाय दोस्तांनो! चला चला, पुस्तकांशी करूया धम्माल!" आणि कागद हळूच टेबलावर ठेवला.

"काय झालं आता?"

"हे वाचलं ना, तर मला शाळा बदलावी लागेल."

बाईंना राग आला आणि हसूही आलं. "बरं बाई, तूच शहाणी. कागद उलटा ठेव. तुझी मैत्रीण उद्या गैरहजर आहे असं समज. तिला काय सांगशील?"

"अगं, शाळा सुटली ना, की लायब्ररी उघडी असते. सहापर्यंत. काही पण वाच, गृहपाठ कर. घरी कुणी नसेल तर बरंच आहे की."

"तुझ्या घरी असतं का कुणी?"

"आई सहाला येते. किल्ली तिच्याकडे असते. मी जिन्यात बसते."

"मग इथे का नाही आलीस गं? मागच्या सूचनेत सांगितलं होतं की!"

"त्यात 'इच्छुकांनी' असं होतं, बाई. मला वाटलं, ते हुशार मुलांसाठी असतं."

बाईंना एकदम भरून आलं. स्वतःचा रागही आला. हा शब्द त्यांनी किती प्रेमाने निवडला होता!

त्यांनी लिहायला घेतलं. रेडिओ सांगायची, बाई 'तू'चं 'तुम्ही' करायच्या. जिथे तिचा श्वास संपे तिथे ओळ तोडायच्या. वेळ त्यांनी शेवटी पुन्हा घातली, कारण पहिल्यांदा ती कुणाच्या कानात शिरत नाही. 'घरी कुणी नसेल तर' ही ओळ आल्यावर पोरीने मान खाली घातली. "असं सगळ्यांसमोर नको, बाई." मग तिनेच सुचवलं, "घरी जायची घाई नसेल तर इथे या." बाईंनी ते तसंच ठेवलं. शेवटी त्या व्हरांड्याच्या पार टोकाला जाऊन उभ्या राहिल्या आणि प्रत्येक शब्द ऐकू येईपर्यंत त्यांनी तिला छळलं.

मुख्याध्यापक सही करताना म्हणाले, "ही सूचना वाटत नाही. कुणीतरी बोलतंय असं वाटतं."

"कुणीतरी बोलतंच आहे, सर," बाई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी रेडिओने कागदाकडे जेमतेम पाहिलं:

"शाळा सुटल्यावर लायब्ररी उघडी असते. सगळ्यांसाठी. गोष्टी वाचा, गृहपाठ करा, नाहीतर नुसते बसा. घरी जायची घाई नसेल तर इथे या. सहा वाजेपर्यंत. आजपासूनच. सहा वाजेपर्यंत."

कुणी हसलं नाही. बाईंचा मात्र संध्याकाळपर्यंत जीव टांगणीला लागला होता.

शाळा सुटली. आधी दोन लहानगी दारात घुटमळली, मागून रेडिओ आली, मग तिच्या वर्गातली पोरं आली. बघता बघता खुर्च्या संपल्या. शिपायाला घेऊन, गाद्यांसाठी जागा मोजायला आलेले मुख्याध्यापक दारातूनच मागे वळले. जाताना "पंखा जरा वाढवा हो," एवढंच म्हणाले.

सहा वाजून गेले तरी कुणी उठलं नव्हतं, तेवढ्यात एक बाई धावतपळत दारात आली. कपाळावर घाम, हातात घराची किल्ली. रेडिओची आई. लेक जिन्यात दिसली नाही म्हणून तिच्या तोंडचं पाणी पळालं होतं. खिडकीपाशी लेक पुस्तकात डोकं घालून बसलेली दिसली, तेव्हा ती चौकटीला टेकली.

"हे रोज असतं?" तिने विचारलं.

"रोज," बाई म्हणाल्या. पुढे आणखी काहीतरी छानसं बोलायचं त्यांच्या मनात होतं, पण तिचा घाम बघून त्यांनी ते राहू दिलं. त्यांनी आपली खुर्ची ओढून तिला बसायला दिली.