ठेव कुणाची

आयुष्यभर मी मुलांच्या वह्यांवर लाल पेन चालवलं, आणि निवृत्तीनंतर आयकर खात्याने माझ्यावर चालवलं. ‘तुम्ही रिटर्नमध्ये मुदत ठेवीचं व्याज दाखवलेलं नाही.’ पहिल्यांदा वाचलं तेव्हा नोटीस भलत्याच कुणाची वाटली. दुसऱ्यांदा वाचलं तेव्हा राग आला. माझ्याकडे एक छोटीशी ठेव आहे, तिचं व्याज दर तिमाहीला खात्यात येतं आणि मी ते इमानेइतबारे दाखवते. मग हे कुठलं?

नोटीस घेऊन मी कर सल्लागाराकडे गेले. त्याचं ऑफिस दुसऱ्या मजल्यावर, आणि लिफ्ट बंद. माझा डावा गुडघा गेली दोन वर्षं ऑपरेशनची वाट बघतोय, त्यामुळे वर पोचेपर्यंत माझा श्वास आणि माझी शिस्त दोन्ही सुटली होती.

त्याने संगणकावर माझं खातं उघडलं. “बाई, दुसरी एक ठेव आहे. चांगली मोठी. पहिलं नाव तुमचं, दुसरं मुलाचं.”

“पण मला तर एक पैसा मिळालेला नाही.”

“मिळणारही नाही, मुदत संपेपर्यंत. व्याज ठेवीतच साठतं. पण ते दरवर्षी चढतं, आणि बँक दरवर्षी पहिल्या नावावर कळवते. हातात पडलं नाही म्हणून कर टळत नाही.” मग जरा थांबून म्हणाला, “कर कापू नका, माझं उत्पन्न करपात्र नाही, असा अर्जही तुमच्या सहीने दिलाय. पेन्शन धरली तर हे खरं नाही.”

तेव्हा आठवलं. दोन वर्षांपूर्वी चिरंजीव कागद घेऊन आले होते. “आई, इथे सही कर. इथे पण. नुसती फॉर्मॅलिटी आहे.” जिथे जिथे त्याचं बोट, तिथे तिथे माझी सही. न वाचता सही करू नका म्हणून मी वर्गात घसा कोरडा केला होता. पण पोटच्या पोराचं बोट, त्याला कोण तपासतं?

आणि त्याच महिन्यात मी त्याला गुडघ्याचं विचारलं होतं. “आई, सध्या हात फार आखडलाय गं. पुढच्या वर्षी बघू.” मी लगेच समजून घेतलं होतं. समजून घ्यायची माझी सवयच आहे, मेली.

सल्लागाराने फोन केला तसा चिरंजीव तासाभरात हजर झाला. आल्याआल्या खुर्ची ओढून म्हणाला, “अगं, ज्येष्ठ नागरिकांना अर्धा टक्का जास्त मिळतो, आणि मी वरच्या स्लॅबमध्ये आहे. म्हणून तुझं नाव पुढे घातलं. एवढं काय? सुधारित रिटर्न भरून टाक. तुझा टॅक्स मी देतो.”

सल्लागाराने चष्मा काढला. “दोनच रस्ते आहेत. पैसे तुम्ही आईंना बक्षीस दिले असतील, तर ठेव त्यांची, व्याज त्यांचं, कर त्यांचा. सगळं कायद्यात बसतं. पैसे तुमचेच असतील, तर व्याजही तुमच्याच उत्पन्नात. आईंनी ‘हे माझं नाही’ असं उत्तर द्यायचं.”

“आईचंच म्हणू की,” चिरंजीव हसला.

“चालेल,” मी म्हणाले. “मग बक्षीस दिलं असं लिहून दे. ठेव मोडून मी याच महिन्यात गुडघा करून घेते.”

हसू तसंच राहिलं, पण डोळे सल्लागाराकडे वळले.

“आई, तसं नाही गं. ती फक्त कागदावर तुझी आहे.”

“आणि गुडघा?”

“त्याचं बघू ना आपण...”

मी वाट पाहिली. वर्गात एखादं मूल उत्तर शोधत असतं तेव्हा मी अशीच थांबायचे, मनातून त्याच्या बाजूने. आताही होते. इतकी होते की लाज वाटली. तो मोबाइलकडे बघत राहिला.

“लिहा,” मी सल्लागाराला म्हणाले. “ठेव माझी नाही. पैसे मुलाचे. आणि कर कापू नका म्हणून दिलेला तो अर्ज बँकेतून परत घ्यायचा.”

“आई! स्वतःच्या मुलाचं नाव सांगतेस?”

“तूच आत्ता सांगितलंस, पैसे कुणाचे ते.”

सल्लागार टाइप करत राहिला. शेवटी सही मागितली. मी ओळ न् ओळ वाचली, मग केली. तोवर चिरंजीव उठून निघून गेला होता.

जिना उतरताना मी कठडा धरला. खाली त्याची गाडी सुरू झाल्याचा आवाज आला. अर्ध्यावर गुडघ्यात कळ आली, मी पायरीवर बसले. हा गुडघा तरी माझाच होता, पहिलं नावही माझं आणि दुसरंही.