सात नंबरचा शून्य टक्का

सकाळी दहा चाळीसला लिफ्ट दुरुस्ती कंपनीच्या, केंद्रांची कामगिरी टक्क्यांत दाखवणाऱ्या डॅशबोर्डवर सात नंबरच्या केंद्रापुढे आकड्याऐवजी तीन इंग्रजी अक्षरं उमटली. महिन्याचा शेवटचा दिवस होता.

"हे काय बाई?" साहेबांनी विचारलं.

"सुटलेल्या तक्रारी भागिले आलेल्या तक्रारी," डॅशबोर्ड बनवणारी म्हणाली. "सातला या महिन्यात तक्रारच आली नाही. शून्याला शून्यानं भागता येत नाही."

"अकराला संचालक येतायत. काहीतरी आकडा टाक."

तिनं सूत्रात सोय केली: भाजक शून्य असेल तर उत्तर शून्य. अक्षरं गेली. अकराला संचालकांनी लाल रंगातला शून्य टक्का पाहिला. महिनाअखेरीला तळाच्या केंद्राच्या मिस्त्रीची बदली गोदामात, हा नियम त्यांनीच केलेला. बदलीच्या पत्रावर पाचला साहेबांची सही व्हायची होती.

साडेअकराला सातच्या मिस्त्रीचा फोन आला. "ताई, अकरा वर्षं दर सोमवारी तेल घालतोय. चुकलं कुठं?"

"तुमचं नाही काका, माझं. तक्रार नसली की सूत्र अडतं."

"मग एखादी आणू?"

"काही करू नका! मी बघते."

दुपारी ती साहेबांकडे गेली. "शून्याऐवजी रिकामं ठेवते. खाली 'तक्रार नाही' असं लिहिते, आणि क्रमवारीतून ते केंद्र वगळते."

"रिकामं दिसलं की काम अर्धवट वाटतं. शंभर टाक ना!"

"शंभर टाकलं तर उद्यापासून एकही केंद्र तक्रार नोंदवून घेणार नाही."

साहेबांना यात काही वाईट दिसलं नाही. पण शंभर कुठून आले असं संचालक विचारतील या धास्तीनं त्यांनी परवानगी दिली. तीन वाजता सातचा चौकोन रिकामा झाला, क्रमवारी पुन्हा लागली आणि तळाला तीन नंबर आला, चाळीस टक्के. तिथला मिस्त्री साहेबांचा मेहुणा.

"सूत्र नीट तपासलंस ना?" साहेबांनी चारदा विचारलं. चारही वेळा तेच उत्तर मिळाल्यावर त्यांनी पत्रावरचं नाव बदलायला सांगितलं.

चार पन्नासला सात नंबरवर महिन्यातली पहिली तक्रार नोंदली गेली. त्या केंद्राकडच्या एका इमारतीत पाचव्या मजल्यावर राहणाऱ्या आजींची. मिस्त्रीनं जिन्यात आपली अडचण सांगितली होती; आजींनी मनावर घेतलं. मजकूर असा: 'लिफ्ट फार शांत चालते. आली तरी कळत नाही.'

आलेल्या एक, सुटलेल्या शून्य. डॅशबोर्डनं चोख भागाकार केला: शून्य टक्के. या वेळी आकडा खरा होता, आणि सात पुन्हा तळाला.

साहेबांचा चेहरा खुलला. "आता सूत्राला हात लावायचा नाही हं!"

"काका, पाचच्या आत ती तक्रार सोडवा," तिनं फोनवर सांगितलं.

"सोडवू कशी ताई? आवाज करायला लावू?"

पाचला तीन मिनिटं कमी असताना साहेबांच्या टेबलावर दोन पत्रं होती, दोन नावांची. सही एकावरही नव्हती. तक्रार मागे घ्या म्हणून सांगावं, तर आजी फोन उचलत नव्हत्या.