सगळ्या व्हिडिओंना एकच नाव

शनिवारची शाळा सुटता सुटता गावातल्या गुंजनचा पुण्याहून फोन आला.

"मॅडम, आजोबाचं नाव टाकून पाहिलं, गावाचं टाकून पाहिलं, दंडार असं टाकून पाहिलं. यूट्यूबवर काहीच नाही येऊन राहिलं."

"असं कसं? मी स्वतः लिहिलंय त्यात," मिनल बोडखे म्हणाली. "थांब, पाहते."

नरखेड तालुक्यातल्या पिंपळदऱ्याच्या हायस्कूलमध्ये मिनल इतिहास शिकवायची, आणि संगणक खोलीची किल्ली तिच्याकडे असल्यामुळे शाळेचं यूट्यूब चॅनलही तिच्याच गळ्यात पडलं होतं. तिने ते उघडलं आणि खुर्चीत मागे टेकली. जुन्या स्नेहसंमेलनांचे सगळे व्हिडिओ एकाखाली एक उभे होते आणि प्रत्येकाचं शीर्षक तेच: 'मा. अध्यक्षसाहेबांच्या प्रेरणेने भव्य वार्षिक स्नेहसंमेलन'. खालची माहिती उघडली, तर तिथे संस्थेच्या शुभेच्छा, प्रवेश सुरू असल्याची जाहिरात आणि फोन नंबर. तिने लिहिलेली एक ओळही उरली नव्हती.

ते काम दोन-चार दिवसांचं नव्हतं.

शाळेच्या कपाटात जुन्या व्हिडिओ कॅसेट पडून होत्या. त्या नागपूरला नेऊन संगणकावर उतरवून आणल्या, तेव्हा फायलींना नुसते आकडे होते. कॅसेटवरच्या चिठ्ठ्या निम्म्या गळालेल्या. चित्राच्या कोपऱ्यात तारीख दिसायची, पण कॅमेऱ्याचं घड्याळ कुणी कधी लावलंच नव्हतं; प्रत्येक संमेलन एक जानेवारीचंच. मग मिनल स्टेजचा पडदा पाहायची, मागचं बॅनर वाचायची, कोण कितवीत होतं हे गावात विचारायची आणि वर्ष ठरवायची. ठरलं की लिहायची: वर्ष, गाव, शाळा, कार्यक्रम, आणि कोणत्या मिनिटाला काय. गावाचं नाव मराठीत आणि इंग्रजी अक्षरांतही, कारण सुरतेत किंवा दुबईत बसलेला जुना विद्यार्थी कोणत्या अक्षरांत शोधेल, याचा नेम नाही. मोठ्या माणसांची नावं त्यांना किंवा घरच्यांना विचारूनच. लहान मुलांची नावं मात्र नाहीत, नुसता वर्ग आणि नाचाचं नाव.

एका संमेलनात पालकांची दंडार, म्हणजे गाण्या-नाचाचं गावाकडचं लोकनाट्य, होती. निवेदकाने "आता आपले पालक बंधू" एवढंच म्हटलं होतं, नाव एकाचंही नाही. फेटे बांधलेले, तोंडाला रंग लावलेले ते चेहरे मिनलला कसे ओळखू येणार? म्हणून तिने गावातल्या वयस्कर महादेवरावांना बोलावलं होतं. घशाचं ऑपरेशन होऊन त्यांचा आवाज कायमचा गेला, तेव्हा त्यांची नात गुंजन दोन वर्षांची होती. ते बायकोचा, प्रयागबाईंचा हात धरून आले, पडद्यासमोर बसले, आणि मधला फेटेवाला गाऊ लागला तशी त्यांनी टेबलावर थाप मारली.

"हेच आहेत वं हे," प्रयागबाई म्हणाल्या होत्या. "पाय ना, आवाज कसा खडा होता!"

मग एकेका चेहऱ्यावर बोट ठेवत महादेवराव ओठ हलवायचे, प्रयागबाई नाव सांगायच्या, मिनल टाइप करायची. थेट चॅनलवरच. वेगळी प्रत तिने ठेवली नव्हती. आता गुंजनचं लग्न ठरून पुढच्या आठवड्यात साक्षगंध होतं; सगळ्या नातेवाइकांना आजोबांचा आवाज ऐकवायचा, असं तिच्या मनात होतं. "नुसतं नाव शोध, सापडेल," असं मिनलनेच तिला मोठ्या तोऱ्यात सांगितलं होतं.

मुख्याध्यापिका अरुंधतीबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "संस्थेच्या ऑफिसचं काम आहे ते. मी त्यात पडत नाही. तुम्हीच जाऊन बोला."

सोमवारी रजा टाकून मिनल एसटीने नागपूरला गेली. संस्थेचं ऑफिस जरीपटक्यात, बाजाराच्या मागच्या गल्लीत. तिथला सौरव संस्थेच्या सगळ्या शाळांची प्रसिद्धी पाहायचा, चॅनलचे पासवर्डही त्याच्याकडे असायचे. त्याने चहा मागवला.

"मॅडम, काहून टेन्शन घेऊन राहिल्या? साहेबांनी म्हटलं, सगळं एकसारखं दिसलं पाहिजे. म्हणून सगळे व्हिडिओ एकदम सिलेक्ट केले अन् मॅटर बदलून टाकलं. पाच मिनिटांचं काम."

"जुनं मॅटर परत येते का?"

"नाही येत. बदलायच्या आधी विचारते ते, पक्कं ना म्हणून. मी हो म्हटलं."

"त्यात काय होतं ते वाचलं होतं का तुम्ही?"

"एवढं लंबं कोण वाचते, मॅडम?"

मिनलची कानशिलं तापली. तिने स्वतःचा फोन त्याच्यासमोर ठेवला. "यातून दंडारीचा व्हिडिओ काढून द्या मला."

सौरवने अंगठ्याने वर-खाली केलं. फोनवर प्रत्येक शीर्षकाचा पुढचाच तुकडा दिसत होता, आणि तो अध्यक्षसाहेबांचा. एक उघडला, भाषण. दुसरा उघडला, भाषण. "तीन तीन तासांचे आहेत हे," तो कुरकुरला.

"तेच म्हणते मी. माणूस चॅनल पाहत नाही बसत. तो गावाचं नाव टाकतो, आपल्या माणसाचं नाव टाकतो. ते शब्द कुठे लिहिलेलेच नसतील, तर यूट्यूबने त्याला दाखवायचं तरी काय? आवाजावरून ते महादेवराव आहेत, हे त्याला थोडंच समजते?"

सौरवला ते पटलं, पण साहेबांचं नाव काढायची त्याची छाती नव्हती. शेवटी घासाघीस होऊन ठरलं: शीर्षकात वर्ष, गाव आणि कार्यक्रम आधी, साहेब शेवटी. खालच्या माहितीत मात्र शुभेच्छा वर, मिनलचं सगळं त्यांच्याखाली. शोधताना खालचे शब्दही चालतात, हे तिला माहीत होतं. पण व्हिडिओ उघडणाऱ्याला आधी जाहिरात दिसणार आणि 'आणखी' दाबल्यावर माणसं. तिने दात आवळून मान डोलावली.

परतीच्या बसमध्ये काटोलपर्यंत ती स्वतःवरच चिडत होती. प्रत ठेवायला काय धाड भरली होती?

दुसऱ्या दिवशी महादेवराव पुन्हा आले. या खेपेला त्यांना धाप लागत होती. दंडारीत नाचणाऱ्यांपैकी दोघांची नावं काही केल्या प्रयागबाईंना त्यांच्या ओठांवरून उमगेनात. मागच्या वेळी उमगली होती. महादेवरावांनी तीनदा ओठ हलवले, मग हात झटकून ते खिडकीबाहेर पाहत बसले.

"राहू दे आता," प्रयागबाई म्हणाल्या. "थकले ते."

मिनलने त्या दोघांपुढे 'नाव माहीत नाही' असं लिहिलं. लिहिताना तिला रडू येईल असं वाटलं. या वेळी तिने सगळं आधी वेगळ्या फाइलमध्ये उतरवलं, मग चॅनलवर चिकटवलं.

दोन दिवस शोधून काही येईना. तिसऱ्या दिवशी, साक्षगंधाच्या तोंडावर, गुंजनचा फोन आला. मागे महादेवरावांचं गाणं चालू होतं. ती म्हणाली, "मॅडम, माझ्या बाबांचा आवाज आजोबासारखाच आहे. डिट्टो."

महिन्याभरात सुरतहून एकाने व्हिडिओखाली लिहिलं की डावीकडून दुसरा आपला काका, नाव गणपतराव. मिनलने लगेच ते भरलं. त्या दोघांपैकी उरलेला नाचणारा बिननावाचाच राहिला.

त्याच संध्याकाळी सौरवचा मेसेज आला. पाहणारे वाढले म्हणून साहेब खूश होते. 'शुभेच्छांचा फायदा झाला,' असं त्याने लिहिलं होतं.

मिनलने उत्तर टाइप केलं, खोडलं, आणि पुढच्या कॅसेटची फाइल उघडली. कोपऱ्यात एक जानेवारी होती.